बंदी, निकाल आणि परवाना: डान्सबारच्या चौदा वर्षांतून दिसलेल्या तीन सत्ता

खडवलीसारख्या गावात रविवारच्या दिवशी राज्यघटनेवरच्या व्याख्यानाला इतकी माणसं येतात, याचा आम्हाला आनंद आहे. आजचा विषय आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तीन चौकोन काढलेले असतात आणि त्यांच्यामध्ये बाण असतात. परीक्षेला पाच गुण.

पण ते बाण प्रत्यक्षात कसे चालतात? एका सत्तेने दुसरीला अडवलं म्हणजे नेमकं काय होतं, आणि अडवल्यानंतर ती दुसरी सत्ता गप्प बसते का? आज आपण व्याख्या कमी करू आणि एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे, आणि त्याची सुरुवात मुंबई, ठाणे, रायगड याच पट्ट्यातून झाली. ते म्हणजे डान्सबारबंदीचं प्रकरण. २००५ साली सुरू झालं, २०१९ साली त्याचा मोठा निकाल लागला. मधल्या चौदा वर्षांत विधिमंडळाने तीनदा कायदा केला आणि तिन्ही वेळा न्यायालयाने त्यात हात घातला. या सगळ्या काळात बारना नृत्याचे परवाने मात्र जवळजवळ मिळालेच नाहीत. हे कसं झालं, ते समजलं की तीन चौकोनांमधले बाण समजतात.

आधी एक गोष्ट: आपल्याकडे भिंत कुठे आहे

प्रकरणात शिरण्याआधी एक खुलासा करू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष संसदेचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही नसतात. तिथे कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यात खरीच भिंत आहे. आपल्याकडे तशी भिंत नाही. आपला मुख्यमंत्री विधिमंडळाचा सदस्य असतो, मंत्री असतात, आणि विधानसभेत बहुमत असेल तोपर्यंतच सरकार टिकतं. म्हणजे सरकार विधिमंडळाच्या पोटातूनच जन्माला येतं.

हे नकळत झालेलं नाही. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत प्राध्यापक के. टी. शहा यांनी तिन्ही सत्ता पूर्णपणे वेगळ्या ठेवा अशी दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. त्याआधी ४ नोव्हेंबरला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी कारण सांगितलं होतं. अमेरिकेच्या पद्धतीत सरकारला स्थैर्य जास्त मिळतं, पण रोज जाब विचारता येत नाही. आपल्या पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारला रोजच्या रोज उत्तर द्यावं लागतं. आपण जबाबदारी निवडली.

याची एक किंमत आहे, ती लक्षात ठेवा. सरकारला सभागृहात पक्कं बहुमत असलं आणि विरोधकांनाही तोच कायदा हवा असला, तर पहिल्या दोन सत्ता एकच होऊन जातात. मग अडवायला एकटं न्यायालय उरतं. डान्सबारच्या बाबतीत अगदी हेच झालं.

पहिली फेरी: २००५ ते २०१३

मार्च २००५. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. आमदार विवेक पाटील यांनी सभागृहात डान्सबारचा प्रश्न उपस्थित केला, आणि गृहमंत्र्यांनी बार बंद करण्याची घोषणा केली. तक्रारी खोट्या नव्हत्या. महामार्गालगतच्या बारमध्ये पगार उडवून रिकाम्या हाताने घरी जाणारे पुरुष, त्यांच्या घरातल्या बायकांचे हाल, अल्पवयीन मुलींना आणल्याचे आरोप, हे सगळं आमदारांपर्यंत पोचत होतं. हेही खरं की त्या बारमध्ये हजारो बायका काम करत होत्या. पंचाहत्तर हजार हा आकडा त्या वेळी वारंवार सांगितला जाई. त्यांच्या कमाईवर गावाकडची घरं चालत होती.

सरकारला घाई होती. म्हणून आधी वटहुकमाची वाट धरली. घटनेच्या अनुच्छेद २१३नुसार विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना, तातडीची गरज असेल तर राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. राज्यपाल होते एस. एम. कृष्णा. त्यांनी सही केली नाही. आणि सरकारला सरळ वाटेने, विधेयक घेऊन सभागृहात जावं लागलं. ही पहिली अडवणूक. ती न्यायालयाने केली नाही, कार्यकारी सत्तेच्याच वरच्या टोकावर ती झाली. त्यातून काय साधलं? बंदी टळली नाही. पण बंद दाराआड मंत्रिमंडळात झालेला निर्णय उघड्या सभागृहात मांडावा लागला, नोंदीवर आला, आणि पुढे न्यायालयात त्या नोंदी वाचल्या गेल्या.

जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने मंजूर केलं. ऑगस्ट २००५मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दोन नवी कलमं आली. ही दोन कलमं नीट बघू, कारण सगळा खेळ इथे आहे. कलम ३३अ म्हणतं: खाणावळ, परमिट रूम, बिअर बार इथे कोणत्याही प्रकारच्या नृत्याला बंदी. कलम ३३ब म्हणतं: ही बंदी नाट्यगृह, सभागृह, फक्त सदस्यांसाठी असलेले क्लब आणि जिमखाने, आणि तीन तारांकित किंवा त्यावरची हॉटेलं यांना लागू नाही.

म्हणजे महामार्गालगतच्या बारमध्ये नाच गुन्हा, आणि मोठ्या हॉटेलात तोच नाच चालेल.

बारमालकांच्या संघटना आणि बारमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. १२ एप्रिल २००६ रोजी न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांच्या खंडपीठाने दोन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे स्थगिती मिळाली, आणि बंदी चालूच राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमश कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

निकाल दोन पायांवर उभा होता. पुढच्या दोन्ही फेऱ्या समजायला हे दोन पाय सुटे सुटे ओळखायला हवेत.

पहिला पाय समानतेचा, अनुच्छेद १४. एकच नाच एका ठिकाणी नैतिक आणि दुसऱ्या ठिकाणी अनैतिक कसा? सरकारचं म्हणणं असं की मोठ्या हॉटेलांत येणारा वर्ग वेगळा असतो. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. गिऱ्हाइकाच्या खिशावरून नाचाची नीतिमत्ता ठरत नाही.

दुसरा पाय व्यवसायाचा, अनुच्छेद १९(१)(छ). कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा हक्क. या हक्कावर सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, पण निर्बंध वाजवी आहे हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो. न्यायालयाने विचारलं, कमी कडक उपाय होते की नाही? होते. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे परवाना नियम होते, अश्लील वर्तनासाठी दंडविधान होतं, अल्पवयीन मुलींसाठी वेगळे कायदे होते. ते न वापरता थेट संपूर्ण बंदी घातली. आणि बंदीने बायकांचं भलं होण्याऐवजी अनेकींवर आणखी वाईट दिवस आले, हेही न्यायालयाने नोंदवलं.

दुसरी फेरी: २०१४ ते २०१५

आता विधिमंडळाची पाळी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणजे विषय संपला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. विधिमंडळाला पुन्हा कायदा करता येतो. पण कसा, हे महत्त्वाचं.

नियम असा आहे. विधिमंडळ नुसतं ‘तो निकाल आम्हाला लागू नाही’ असा कायदा करू शकत नाही, कारण तो निवाडा झाला आणि निवाडा करणं न्यायालयाचं काम. पण ज्या दोषामुळे कायदा पडला तो दोष काढून नवा कायदा करता येतो. १९६९ साली पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भरूच नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. घरकुलाच्या भाषेत सांगायचं तर, इंजिनिअरने भिंत कच्ची म्हणून पाडायला लावली, तर मालकाला पक्की भिंत बांधता येते. ‘इंजिनिअर चुकला’ असा फलक लावून तीच भिंत उभी करता येत नाही.

१३ जून २०१४ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने दुसरा कायदा केला. एकमताने, चर्चेविना. त्यात काय केलं? सूट काढून टाकली. आता तीन तारांकित असो की पंचतारांकित, सगळीकडे बंदी. म्हणजे पहिला पाय दुरुस्त झाला. समानतेचा आक्षेप गेला, कारण आता सगळ्यांना सारखंच बंद.

आणि दुसरा पाय? तो तसाच लुळा. संपूर्ण बंदी वाजवी नाही, कमी कडक उपाय होते, हा आक्षेप आता आणखी मोठा झाला, कारण बंदी आणखी रुंद झाली. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांनी या तरतुदीला स्थगिती दिली. २०१३मध्ये जी तरतूद पडली तिच्यासारखीच ही आहे, असं त्यांचं म्हणणं. मात्र अश्लील नृत्य होऊ देऊ नका, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना नियमन करता येईल, हेही त्यांनी सांगितलं.

इथे न्यायालयाची मर्यादाही बघा. चर्चा न करता कायदा मंजूर केला म्हणून न्यायालय तो रद्द करू शकलं असतं का? नाही. अनुच्छेद २१२ सांगतो की विधिमंडळाच्या कामकाजाच्या पद्धतीत दोष होता एवढ्यावरून न्यायालयाने त्याची चौकशी करायची नाही. सभागृहात किती बोलायचं, हे सभागृह ठरवतं. न्यायालय फक्त बाहेर आलेला कायदा घटनेला धरून आहे का ते बघतं. उलट बाजूने अनुच्छेद २११ आहे. न्यायाधीशांनी कर्तव्य करताना जे केलं त्यावर विधिमंडळात चर्चा करायची नाही. दोघांनी एकमेकांच्या खोलीत डोकावायचं नाही, दारातून बाहेर आलेल्या कागदावर बोलायचं.

तिसरी फेरी: परवान्याची

मंडळी, आतापर्यंत आपण विधिमंडळ आणि न्यायालय बघितलं. तिसरी सत्ता, म्हणजे गृहखातं, पोलीस, परवाना देणारे अधिकारी, ती काय करत होती? आमच्या मते या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं तिच्याकडूनच आहे.

स्थगिती आली म्हणजे बंदी उठली. पण बंदी उठली म्हणजे बार सुरू झाले असं नाही. बारला नृत्याचा परवाना लागतो आणि तो पोलीस देतात. परवान्याच्या अटी आल्या, दोन डझनांवर. त्यात एक अट अशी की बारमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण थेट पोलीस नियंत्रण कक्षात दिसलं पाहिजे. २ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अटी एकेक करून तपासल्या. थेट चित्रणाची अट काढली, कॅमेरा प्रवेशद्वाराशी पुरे म्हटलं. मंचाला तीन फूट उंचीचं रेलिंग आणि रेलिंगपासून गिऱ्हाइकांपर्यंत पाच फुटांचं अंतर, ही मोजमापं ठरवली. आणि मार्चच्या मध्यापर्यंत परवाने द्यायला सांगितलं.

जरा थांबून विचार करू. देशातलं सर्वोच्च न्यायालय रेलिंग किती फुटांचं असावं हे ठरवत होतं. हे न्यायालयाचं काम आहे का? नाही. ते परवाना अधिकाऱ्याचं काम. पण अधिकारी अटींच्या आडून परवानाच देत नसेल, तर न्यायालयापुढे दोनच वाटा राहतात: गप्प बसणं किंवा स्वतः फूटपट्टी घेणं. एका सत्तेने आपलं काम टाळलं की दुसरी तिच्या कामात ओढली जाते. ‘न्यायालयं सरकार चालवायला लागली’ अशी तक्रार आपण ऐकतो. कधी ती खरीही असते. पण ती ऐकताना आधी विचारायला हवं, ज्याचं काम होतं त्याने ते केलं होतं का?

सरकारचं पुढचं पाऊल एप्रिल २०१६मध्ये आलं. आता मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. सरकार बदललं होतं, सत्ताधारी पक्ष बदलले होते, धोरण तेच होतं. विधिमंडळाने तिसरा कायदा केला, पुन्हा एकमताने. या वेळी चाल वेगळी होती. बंदी हा शब्दच काढला. नृत्याला परवानगी आहे, फक्त अश्लील नृत्याला बंदी आणि परवान्याला अटी. आता त्या अटी बघा. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतर हवं. जिथे नृत्य तिथे दारू नाही. मालक ‘चांगल्या चारित्र्याचा’ हवा. आत कॅमेरे हवेत. नोटा उधळायच्या नाहीत, हातात बक्षिशीही द्यायची नाही. वेळ सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा.

एक किलोमीटरची अट मुंबईत किंवा ठाण्यात लावून बघा. स्टेशनपासून कोणत्याही दिशेला चालत निघा. एक किलोमीटरच्या आत एकही शाळा, मंदिर, मशीद, चर्च, विहार लागणार नाही अशी जागा सापडेल? कागदावर ते नियमन, जमिनीवर ती बंदी.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी निकाल दिला. आणि तो ‘सगळं रद्द’ असा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. अश्लील नृत्याची कायद्यातली व्याख्या टिकली. वेळेची अट टिकली. नोटा उधळण्यावरची बंदी टिकली. पडलं काय? एक किलोमीटरची अट, ‘चांगलं चारित्र्य’ ही कोणीही कसाही अर्थ लावील अशी अट, आतल्या कॅमेऱ्यांची अट, दारूवरची बंदी, आणि हातात बक्षिशी देण्यावरची बंदी. कारण असं की नियमन करण्याचा अधिकार राज्याला आहे, पण नियमनाच्या नावाखाली संपूर्ण बंदी आणता येत नाही. २००५पासून परवाने मिळालेलेच नाहीत, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

कोणाकडे काय आहे, आणि काय नाही

आता मागे वळून बघू. प्रत्येक सत्तेच्या हातात एक हत्यार होतं आणि प्रत्येकीला एक उणीव होती.

विधिमंडळाकडे पुन्हा प्रयत्न करण्याची ताकद होती. तीनदा कायदा केला, कोणी थांबवलं नाही. पण निकाल पुसण्याची ताकद नव्हती. दर वेळी निकालातला एखादा दोष काढूनच पुढे जावं लागलं. २००५चा कायदा सरसकट बंदीचा होता, २०१६चा अटींचा. विधिमंडळ बंदीकडून नियमनाकडे सरकलं, ते न्यायालयाच्या दोन निकालांमुळेच.

न्यायालयाकडे कायदा रद्द करण्याची ताकद होती. पण परवाना छापण्याची नव्हती. त्याच्याकडे पोलीस नाही, तिजोरी नाही, आणि सहसा कोणी अर्ज घेऊन आलं तरच ते बोलतं. अवमानाची शिक्षा करता येते हे खरं. पण ‘परवाना देणार नाही’ असं कोणी अधिकारी लिहून देत नाही. तो लिहितो, ‘अमुक अट पूर्ण नाही’. प्रत्येक अट पुन्हा न्यायालयात न्यावी लागते, आणि प्रत्येक फेरीला वर्षं जातात.

कार्यकारी मंडळाकडे कायदा करण्याची ताकद नव्हती, निकाल देण्याची नव्हती. पण वेळेची ताकद होती. स्थगिती घ्या, अटी घाला, फाइल थांबवा. न्यायालयाने निकाल उलटवला, तरी गेलेली वर्षं परत येत नाहीत. २००६मध्ये उच्च न्यायालयात जिंकलेल्या बाईला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासाठी सात वर्षं थांबावं लागलं. त्या काळात ती तिशीत असेल तर चाळिशीला टेकली. नाचणारीचं कमावण्याचं वय तेवढंच असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं की सत्तेचा समतोल बघताना निकालाची तारीख पुरेशी नाही. निकाल आणि अंमल यांच्यामधलं अंतर मोजायला हवं. पुढच्या वेळी पेपरात ‘न्यायालयाने सरकारला फटकारलं’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी बघा. निकाल कोणत्या पायावर उभा आहे? सरकारने पुढे जे केलं त्याने तो पाय दुरुस्त झाला की फक्त शब्द बदलले? आणि हक्क मिळालेल्या माणसाच्या हातात प्रत्यक्ष कागद, म्हणजे परवाना, दाखला, आदेश, पडला का? तिसरं उत्तर ‘नाही’ असेल, तर बाण कागदावरच आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका ताईंनी विचारलं: गावात बायका मतदान करून दारूचं दुकान बंद करतात, ते चालतं. मग डान्सबार बंद केलेले का चालत नाहीत?*

फार चांगला प्रश्न. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आपल्याला माहीत आहे. आडव्या बाटलीला अर्ध्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. ते चालतं, कारण दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे, १९९५च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यातही. उलट घटनेचा अनुच्छेद ४७ सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतो. आपल्या मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदाही १९५१मध्ये बालसारा खटल्यात बहुतांशी टिकला होता. नाच मात्र कायदेशीर व्यवसाय आहे. त्याला नियम लावता येतात, गुन्हा घडला तर पकडता येतं, पण तो सरसकट संपवायचा तर सरकारला मोठं कारण सिद्ध करावं लागतं. ते इथे झालं नाही. म्हणजे विधिमंडळाला किती मोकळीक आहे, हे समोर कोणता हक्क उभा आहे त्यावर ठरतं.

*एका काकांचा प्रश्न: लोकांनी निवडून दिलेल्या सगळ्या आमदारांनी एकमताने केलेला कायदा दोन न्यायाधीश रद्द करतात. हे लोकशाहीत बसतं का?*

हा प्रश्न टाळता येत नाही. एकमत हे मोठं वजन आहे, आणि न्यायालयंही कायदा घटनेला धरूनच आहे असं गृहीत धरून सुरुवात करतात. पण इथे एक गोष्ट बघा. ज्या बायकांचं काम जाणार होतं, त्यांच्या बाजूने सभागृहात एकही मत पडलं नाही. एकमताचा अर्थ कधी असा असतो की सगळ्यांना पटलं, आणि कधी असा की ज्यांना पटलं नाही त्यांचं तिथे कोणी नव्हतं. त्यांच्यासाठी अनुच्छेद २२६चा दरवाजा आहे, उच्च न्यायालयाचा. तिथे मतांची संख्या मोजत नाहीत, कारण विचारतात. आणि कारण द्यायला सरकारला पूर्ण संधी मिळाली होती, तीनदा.

*शेवटचा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: मग न्यायालयाला कोण अडवतं?*

काही वाटा आपण बघितल्या. दोष काढून नवा कायदा करणं ही एक. संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट न मोडता. न्यायाधीशाला गैरवर्तनासाठी संसद काढू शकते, मात्र ते फार अवघड आहे. १९९३मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला. बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, पण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला. नेमणुकांच्या बाबतीत संसदेने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला. तारीख लक्षात आली? डान्सबारच्या स्थगितीच्या दुसऱ्याच दिवशी. त्या प्रकरणात न्यायालय स्वतःच्याच नेमणुकांबद्दल निर्णय देत होतं, आणि त्यावर आजही जाणकारांत मतभेद आहेत. तो स्वतंत्र विषय आहे, पुढच्या व्याख्यानात आपण तोच घेणार आहोत. तोवर त्या निकालाचे दोन पाय कोणते, हे शोधून या.